रेटकार्डावरचा सगळ्यात स्वस्त आकडा कोकणातल्या विक्रेत्यासाठी नसतो

घरून मालवणी मसाला, आमसुलं, आंबापोळी विकणाऱ्या आपल्याकडच्या तायांना आणि पोरांना कळकळीने सांगतोय, कुरिअरच्या ॲपवर वॉलेट रिचार्ज करण्याआधी रेटकार्ड पूर्ण वाचा. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो दर बहुतेक वेळा एकाच शहरातल्या, अर्धा किलोच्या पार्सलचा असतो. झोन ठरतो पिकअप आणि डिलिव्हरी अशा दोन्ही पिनकोडवरून. त्यामुळे कुडाळहून मुंबईला पाठवलं तरी ‘मेट्रो ते मेट्रो’चा दर आपल्याला लागत नाही. नागपूर काही कंपन्या राज्यात धरतात, काही अंतर मोजून ‘उर्वरित भारता’त टाकतात. आपला पिनकोड घालून बघितल्याशिवाय हे कळत नाही. आणि तिथे पिकअप वेगळं तपासा. गावात डिलिव्हरी येते म्हणजे पार्सल न्यायलाही माणूस येईलच असं नाही.

आता हिशेब मांडूया. समजा पहिल्या अर्ध्या किलोला ४५ रुपये, पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ४०. मसाला-आमसुलांचं ४५० रुपयांचं पार्सल, खोक्यासकट ९५० ग्रॅम. तुम्ही एक किलोचे ८५ धरता. पण खोका २५ × २० × १२ सेंटीमीटरचा आहे. लांबी, रुंदी, उंची गुणून ५००० ने भागलं (बहुतेकांचा भाजक हाच) की १.२ किलो येतात. खऱ्या वजनापेक्षा हे जास्त, म्हणून दीड किलोचे १२५ लागतात. हाच माल २२ × १५ × १० च्या खोक्यात बसवला तर ८५ मध्येच जातो. खोके घाऊक घेण्याआधी हे मोजाच.

मग येतो सीओडीचा आकार: ‘४० रुपये किंवा २ टक्के, जे जास्त असेल ते’. ४५० चे २ टक्के फक्त ९ रुपये, म्हणजे तुम्हाला ४० च पडणार, जवळजवळ ९ टक्के. छोट्या ऑर्डरवाल्यांना हे कलम फार जाचक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. १२५ अधिक ४०, वर १८ टक्के जीएसटी, झाले १९४ रुपये ७० पैसे.

गिऱ्हाईकाने दार उघडलंच नाही, तर पार्सल परत येतं. त्याला ते आरटीओ म्हणतात. सीओडीचा आकार बहुतेक जण माफ करतात, पण जाण्याचे १२५ आणि समजा परतीचेही तेवढेच, जीएसटी धरून २९५ रुपये जातात आणि हाती विक्री शून्य. म्हणून परतीचा दर आणि सीओडीचे पैसे डिलिव्हरीनंतर किती दिवसांनी जमा होतात, हे दोन्ही ईमेलवर लिहून घ्या. लवकर पैसे हवेत तर बऱ्याच ठिकाणी वेगळा आकार असतो, तोही विचारा.

माझं म्हणणं, ५०० च्या आतल्या ऑर्डरला सीओडी ठेवूच नका. यूपीआयने आधी पैसे घ्या. आणि प्रत्येक पार्सलचा काट्यावर आणि मोजायच्या टेपसकट फोटो काढून ठेवा. कंपनीने वजन वाढवून लावलं तर हरकत घ्यायला मोजकेच दिवस मिळतात, आणि तेव्हा पुरावा फोटोचाच चालतो.