रिलीव्हिंग लेटर घरी टाइप करायला सांगणाऱ्यांसाठी

“रिक्रूटरने डिग्री, एक्स्पीरियन्स लेटर, रिलीव्हिंग लेटर मागितलं की तासाभरात सगळं पाठवा, नाहीतर ऑफर गेली समजा. रिलीव्हिंग लेटर नसेल तर जुन्या लेटरहेडवर स्वतः टाइप करा, कोणी बघत नाही. गॅप दिसत असेल तर तारीख दोन-तीन महिने पुढे ओढा. डिग्रीचा साधा स्कॅन चालतो.”

काल हे घरच्या ग्रुपवर आलं आणि भाच्याने खाली विचारलं, “मामा, मग असंच करू का?” नको रे बाबा. आधी लेटरहेडचं आणि तारखेचंच बोलू, कारण बाकी चुका निस्तरता येतात, ही येत नाही.

समजा, कुणी 14 मार्च 2025 ला जुनी कंपनी सोडली आणि 2 जूनला नवीकडे रुजू व्हायचंय. मधले अडीच महिने लपवायला त्याने पत्रात शेवटचा दिवस 31 मे टाकला. पत्र हुबेहूब असेल, शिक्काही असेल. पण पडताळणी करणारी एजन्सी पत्राकडे बघून हो-नाही ठरवतच नाही. ती जुन्या कंपनीच्या एचआरला मेल करते: एम्प्लॉयी कोड, पद, रुजू तारीख, शेवटचा दिवस, सोडण्याचं कारण, पुन्हा घ्याल का. उत्तर येतं 14 मार्च. पत्र तिथेच उघडं पडतं.

बरं, जुनी कंपनी बंद पडली किंवा एचआर उत्तरच देत नाही, तर? तर पीएफ. आजकाल बहुतेक ठिकाणी यूएएन मागतातच. ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर View मध्ये Service History उघडली की प्रत्येक नोकरीची रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख ओळीने दिसते. ही तारीख कंपनीने भरलेली असते, तुमच्या वर्डच्या फाइलमधली नसते. पासबुकात एप्रिल आणि मेच्या पगाराची वर्गणीही नसणार. इथे एक घोळ होतो तो सांगून ठेवतो. मार्चच्या पगाराची वर्गणी कंपनी एप्रिलच्या 15 तारखेपर्यंत भरते, त्यामुळे पैसे एप्रिलमध्ये जमा झालेले दिसतात. त्यावरून “मी एप्रिलपर्यंत होतो” असं सांगू नका. तपासणाऱ्याला हा फरक ठाऊक असतो.

पीएफ सगळ्यांचा कापला जात नाही, हे खरं. मग फॉर्म 26एएस आहे. पगारावर टीडीएस कापला असेल तर कोणत्या कंपनीने कधी कापला ते त्यात येतं. तोही नसेल तर बँकेत जमा झालेला पगार.

एक अर्धसत्य मात्र नाइलाजाने मान्य करावं लागतं. “कोणी बघत नाही” असं वाटायला कारण आहे: बऱ्याचदा माणूस रुजू होतो आणि पडताळणीचा अहवाल नंतर येतो. म्हणून कुणाच्या मित्राचं पहिले दोन महिने खपून गेलेलं असतं. पण ऑफर लेटरमध्ये पडताळणीच्या अधीन राहून नेमणूक अशा अर्थाची ओळ बहुतेक वेळा असते, आणि ती त्याच दिवसासाठी असते. शिवाय हे नुसतं एचआरचं प्रकरण राहत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 336 बनावट दस्तऐवज करण्याबद्दल आहे आणि कलम 340 तो खरा म्हणून वापरण्याबद्दल. अडीच महिन्यांच्या गॅपसाठी एवढं?

मग रिलीव्हिंग लेटर खरोखरच मिळालेलं नसेल तर काय पाठवायचं? राजीनामा स्वीकारल्याचा मेल, शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, हिशेब झाला असेल तर फुल अँड फायनलचा कागद आणि सर्व्हिस हिस्टरीचं पान. मेल इंग्रजीतच लिहा, पण मजकूर एवढाच ठेवा:

“माझा शेवटचा कामाचा दिवस 14 मार्च 2025 होता. रिलीव्हिंग लेटर अजून मिळालेलं नाही. मी 20 मार्च आणि 4 एप्रिलला एचआरला लेखी मागणी केली आहे, ते मेल सोबत आहेत. तोपर्यंत राजीनामा स्वीकृतीचा मेल, तीन सॅलरी स्लिप आणि ईपीएफओची सर्व्हिस हिस्टरी जोडत आहे. 15 मार्च ते 1 जून मी नोकरीत नव्हतो.”

शेवटचं वाक्य काढू नका. गॅप असणं हा दोष नाही. पडताळणीच्या अहवालात दोष लागतो तो तुम्ही सांगितलेली तारीख आणि सापडलेली तारीख वेगळी निघाली की.

सर्व्हिस हिस्टरी पाठवण्याआधी ती स्वतः एकदा बघा. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीखच भरली नसेल तर तुम्ही अजून तिथेच आहात असं दिसतं आणि नव्या नोकरीशी तारखा एकमेकींवर येतात. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने झाले की Manage मधल्या Mark Exit मधून ती तारीख स्वतः भरता येते. मात्र ज्या महिन्याची शेवटची वर्गणी आली त्याच महिन्यातली तारीख टाकता येते, म्हणजे इथेही ओढाताण चालत नाही.

डिग्रीचं थोडक्यात. स्कॅन पहिल्या फेरीत चालतो, नाही असं नाही. पण डिजिलॉकरमधून मिळत असेल तर तिथलीच प्रत द्या, आणि ती Issued Documents मधली हवी. डिजिलॉकरच्या 2016 च्या नियमांतला नियम 9ए (तो 2017 मध्ये घातला गेला) अशा जारी झालेल्या कागदाला मूळ कागदाचा दर्जा देतो. तुम्ही स्वतः फोटो काढून चढवलेल्या फाइलला तो दर्जा नाही; ती डिजिलॉकरमध्ये ठेवली तरी स्कॅनच.

याहून जास्त माणसं अडकतात ती उत्तीर्ण वर्षात. परीक्षा मे 2019 ची, निकाल जुलैत, दीक्षान्त समारंभ जानेवारी 2020 मध्ये. डिग्रीवर 2020 बघून फॉर्ममध्ये 2020 लिहिलं की विद्यापीठाच्या नोंदीशी जुळत नाही. शेवटच्या सत्राच्या गुणपत्रिकेवरचं वर्ष लिहा, आणि डिग्रीसोबत ती गुणपत्रिकाही जोडा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा त्याच मेलमध्ये द्या, विचारेपर्यंत थांबू नका.

तासाभराची घाई तर कुणी सांगितली कोण जाणे. “कागद परवापर्यंत पाठवते” असं उत्तर दिल्याने ऑफर जात नाही. त्या वेळात मेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून आलाय का ते बघा, आणि पडताळणीचं शुल्क म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. मूळ डिग्री कुरिअरने पाठवायची नसते. आधार मागितलंच तर शेवटचे चार आकडेच दिसणारी मास्क्ड प्रत द्या.

आणि अजून नोटिस पिरियडमध्ये असाल तर रिलीव्हिंग लेटर तुमच्याकडे असूच शकत नाही. रिक्रूटरने यादीतली ओळ तशीच पाठवलेली असते. शेवटचा दिवस कळवा, राजीनामा स्वीकृतीचा मेल द्या आणि पत्र त्या दिवसानंतर देईन असं लिहा. पडताळणीच्या फॉर्ममध्ये सध्याच्या कंपनीशी संपर्क साधू का, असा रकाना असेल तर तिथे ‘आत्ता नाही’ निवडून तीच तारीख टाका. तो रकाना तसाच सोडला आणि राजीनामा अजून दिलेला नसेल, तर ती बातमी तुमच्या मॅनेजरला एजन्सीच्या मेलमधून कळते.