ट्रान्झिस्टर लहान झाला, तार मात्र अडली

दावा: “ट्रान्झिस्टर जितका छोटा तितकी चिप वेगवान. तारांचा काय संबंध? सिग्नल तारेतून प्रकाशाच्या वेगानं जातो, तार छोटी झाली की अंतरही कमी होतं, आणि तांब्यासारखा वाहक नाही. फारच अडलं तर चांदी वापरा.”

आधी प्रकाशाच्या वेगाचं बघू. जाड केबलच्या बाबतीत ते जवळपास खरं आहे. चिपमधल्या बारीक तारेचा रोध मात्र इतका असतो की तिच्यात लाट धावत नाही. कोरड्या मातीत पाणी झिरपावं तसा व्होल्टेज पुढे सरकतो. तारेचा प्रत्येक तुकडा शेजारच्या तारांबरोबर एक छोटा कपॅसिटर बनवतो. तो भरायला लागणारा विद्युतभार मागच्या सगळ्या रोधातून यावा लागतो. लांबी दुप्पट केली की रोधही दुप्पट, कपॅसिटन्सही दुप्पट, म्हणून विलंब चौपट:

```
t = 0.38 × r × c × L²
```

इथे t म्हणजे विलंब, L म्हणजे तारेची लांबी, आणि r व c म्हणजे दर मायक्रॉनमागचा रोध आणि कपॅसिटन्स.

एक तार हिशेबाला घेऊ: रुंदी २० नॅनोमीटर, उंची ४०. तांबं भोवतीच्या इन्सुलेटरमध्ये शिरतं आणि सिलिकॉनपर्यंत पोहोचलं तर ट्रान्झिस्टर बिघडवतं. म्हणून इन्सुलेटरमध्ये कोरलेल्या खाचेला आधी टँटलम नायट्राइड आणि टँटलमचं अस्तर लावतात, मगच तांबं भरतात. दोन्ही बाजूंनी आणि तळाला २ नॅनोमीटर अस्तर धरलं तर तांब्याला उरतात १६ × ३८. म्हणजे जवळपास चौथाई जागा अस्तरानंच खाल्ली, आणि अस्तरातून प्रवाह फारसा वाहत नाही. तार आणखी बारीक केली तरी अस्तर त्याच प्रमाणात पातळ करता येत नाही. फार पातळ केलं की त्यात छिद्रं राहतात आणि तांबं बाहेर पडतं.

दुसरा फटका खुद्द तांब्याचा. खोलीच्या तापमानाला तांब्यातला इलेक्ट्रॉन एका टकरीपासून दुसरीपर्यंत सरासरी ३९ नॅनोमीटर जातो. १६ नॅनोमीटरच्या तारेत तो त्याआधीच भिंतीवर किंवा दोन स्फटिककणांच्या सीमेवर आदळतो. त्यामुळे १.७ मायक्रोओहम-सेंटिमीटर ही पुस्तकातली रोधकता इथे लागू पडत नाही. हिशेबासाठी ६ धरू. रोध येतो मायक्रॉनमागे सुमारे १०० ओहम. पुस्तकातल्या आकड्यानं आणि अस्तर न धरता तो २१ आला असता.

कपॅसिटन्स मायक्रॉनमागे साधारण ०.२ फेम्टोफॅरड. मग १० मायक्रॉन तारेचा विलंब ०.७६ पिकोसेकंद, म्हणजे नगण्य. १०० मायक्रॉनला ७६ पिकोसेकंद. तेवढंच अंतर प्रकाश त्या इन्सुलेटरमधून अर्ध्या पिकोसेकंदात कापेल. १ मिलिमीटरला ७,६०० पिकोसेकंद, आणि ३ गिगाहर्ट्झला चिपच्या घड्याळाचा एक ठोका जेमतेम ३३३ पिकोसेकंदांचा असतो. ट्रान्झिस्टरांनी बनलेलं एक लॉजिक गेट काही पिकोसेकंदांत काम उरकतं.

“अंतरही कमी होतं” हे अर्धंच खरं. सगळी मापं ०.७ पट केली की मायक्रॉनमागचा रोध दुप्पट होतो. जी तार स्वतःही ०.७ पट आखूड झाली तिचा विलंब, रोधकता बदलली नाही असं धरलं तरी, होता तेवढाच राहतो. ट्रान्झिस्टर पुढे गेला, तार जागीच. आणि प्रोसेसरच्या एका गाभ्यापासून कॅशे मेमरीपर्यंतची तार आखूड होत नाही, कारण वाचलेल्या जागेत आपण आणखी सर्किट भरतो. तिचा विलंब दुप्पट होतो.

यावर उपाय म्हणून तारेत मध्येमध्ये रिपीटर, म्हणजे सिग्नल नव्या जोमानं पुढे ढकलणारी छोटी सर्किटं, घालतात. वरची १ मिलिमीटरची तार २० तुकड्यांत तोडली तर तारेचे ३८० आणि रिपीटरमागे १० धरले तर २००, मिळून ५८० पिकोसेकंद. ४० तुकडे केले तर ५९०, म्हणजे फायदा संपला. शिवाय प्रत्येक रिपीटर जागा आणि वीज खातो. म्हणून लांबच्या तारा वरच्या जाड थरांत नेतात. तिथे रोध शेकडो पटींनी कमी असतो, पण तारा मोजक्याच बसतात, आणि वर चढायला प्रत्येक थरातल्या जोडखुंटीचा, म्हणजे व्हायाचा, रोध सोसावा लागतो.

चांदीची रोधकता १.५९, म्हणजे तांब्याहून सहा-सात टक्केच कमी. पण चांदीत इलेक्ट्रॉन टकरीआधी आणखी लांब, सुमारे ५३ नॅनोमीटर जातो, त्यामुळे बारीक तारेत तिचं नुकसान तांब्याहून जास्त. याच कारणानं शोध उलट्या दिशेनं चालला आहे: रुथेनियमची रोधकता तांब्याच्या चौपट, पण त्यात हे अंतर १० नॅनोमीटरच्या आत आहे आणि जाड अस्तराची गरज नाही. १९९७ मध्ये आयबीएमनं ॲल्युमिनियमऐवजी तांबं जाहीर केलं तेव्हा रोधकता २.७ वरून १.७ वर आली होती; तारा जाड होत्या, म्हणून तो फायदा पूर्ण मिळाला.

सिग्नलचा एखादा मार्ग तारेमुळे अडला आहे का, हे व्होल्टेज वाढवून कळतं. व्होल्टेज वाढला की ट्रान्झिस्टर जोरात प्रवाह सोडतो, पण तारेचा रोध आणि कपॅसिटन्स तेच राहतात. विलंब जेमतेम हलला तर तिथे तारेत सिग्नल सोडणारं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, आणखी मोठं लावून हाती काही लागत नाही. तार वरच्या थरात न्यावी, रुंद करावी किंवा दोन्ही टोकांची सर्किटं जवळ आणावीत.