पाइप गोल आहे, भिंत नाही

«स्टीम पाइपचा U काढायला भिंतीचंच सूत्र पुरतं: 1/U = 1/hi + x/k + 1/ho. इन्सुलेशनची जाडी दुप्पट केली की उष्णता निम्मी जाते. आणि आतबाहेरचे h अचूक नसतील, तर उत्तराला अर्थ नाही.»

U म्हणजे दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला पार जाणारी उष्णता; hi आणि ho म्हणजे आतल्या वाफेशी आणि बाहेरच्या हवेशी होणाऱ्या उष्णतेच्या देवाणघेवाणीचे गुणांक, x जाडी आणि k पदार्थाची उष्णतावाहकता. आकडे घालूनच बघू. आतला व्यास 100 मिमी, बाहेरचा 110, त्यावर 50 मिमी रॉकवूल, म्हणजे एकूण 210. वाफ 180 अंशांची, हवा 30 अंशांची. hi = 5000, ho = 10 (यात उत्सर्जनही आलं), पोलादाचा k 45, रॉकवूलचा 0.05.

भिंतीच्या सूत्राने U येतो 0.91. आता क्षेत्रफळ कुठलं घ्यायचं? बाहेरचं घेतलं तर मीटरमागे 90 वॅट, आतलं घेतलं तर 43. एकाच पाइपाची दोन उत्तरं, आणि दोन्ही चूक. पाइपात उष्णता बाहेर जाते तसं क्षेत्रफळ वाढत जातं, म्हणून प्रत्येक रोध बाहेरच्या त्रिज्येवर आणावा लागतो. r1 आणि r2 पाइपाची आतली आणि बाहेरची त्रिज्या, r3 इन्सुलेशनची बाहेरची, kp पोलादाचा k, ki रॉकवूलचा:

```
1/Uo = r3/(r1·hi) + r3·ln(r2/r1)/kp
       + r3·ln(r3/r2)/ki + 1/ho
```

चारही पदं क्रमाने 0.0004, 0.0002, 1.358 आणि 0.1. बेरीज 1.459, म्हणून Uo = 0.686. मीटरभर पाइपाचं बाहेरचं क्षेत्रफळ 2π × 0.105 = 0.66 चौरस मीटर, तापमानाचा फरक 150. गुणाकार केला की 68 वॅट. हा Uo आतल्या क्षेत्रफळाला लावला की पुन्हा घोटाळा. तिथला U 1.44 आहे. U सांगताना कुठल्या क्षेत्रफळावरचा, हे सांगितलं नाही तर तो आकडा अर्धवटच.

जाडी 100 मिमी केली, तर 68 चे 44 वॅट होतात, म्हणजे घट 35 टक्क्यांची. बाहेरचा थर जास्त घेराचा असल्याने त्याच जाडीला रोध कमी देतो.

आता h ची काळजी. वर पदं बघितलीत ना? hi निम्मा धरा, उत्तर हलतसुद्धा नाही. वाऱ्याने ho 20 झाला तरी 68 चे 70. उघड्या फ्लॅंजवर आणि व्हॉल्व्हवर मात्र ho मोठा प्रश्न असतो. तिथे रॉकवूलच नसतं.

खरी काळजी k ची. रॉकवूल भिजून k दुप्पट झाला, तर 68 चे 127 वॅट होतात. हे बाहेरून कळतं. कोरड्या इन्सुलेशनवर क्लॅडिंगचं तापमान 30 + 68/(10 × 0.66), म्हणजे साधारण 40 अंश, भिजलेल्यावर 49. वारा नसताना, सावलीत मोजा. लाइनवर एखादाच पट्टा असा गरम लागला, तर आधी तिथली क्लॅडिंगची जोड उघडून बघा, पाणी बहुधा तिथूनच शिरलेलं असतं.