१०८ मेगापिक्सेलचा आकडा नेमकं काय सांगतो?

‘१०८ मेगापिक्सेलचा फोन १२ मेगापिक्सेलवाल्यापेक्षा नऊपट चांगला फोटो काढतो. खरं ना?’

नाही. हा आकडा फोटोत किती ठिपके, म्हणजे पिक्सेल, आहेत एवढंच सांगतो. ते ठिपके कसे भरले गेले, हे त्यातून कळत नाही.

२०२० सालचा सॅमसंग गॅलेक्सी एस२० अल्ट्रा घ्या. त्याच्या मुख्य कॅमेऱ्याचे १०८ मेगापिक्सेल खरेच आहेत, पण सेन्सरवरचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवरचा, एकेक पिक्सेल जेमतेम ०.८ मायक्रॉनचा, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. एवढ्याशा जागेत प्रकाश तो किती मावणार? म्हणून नेहमीच्या मोडमध्ये फोन नऊ शेजारी पिक्सेल मिळून एक धरतो आणि हातात देतो १२ मेगापिक्सेलचाच फोटो! पूर्ण १०८ हवे असतील तर सेटिंग बदलावं लागतं. त्यातही रंगांचे फिल्टर नऊ-नऊच्या गटावर बसवलेले असल्याने रंगांचा बारीक तपशील बराचसा अंदाजाने भरला जातो.

भर उन्हात, फोटोतून दूरची पाटी कापून घ्यायची असेल तर हा १०८ चा मोड उपयोगी पडतो. संध्याकाळी घरात मात्र दोन्ही मोडमध्ये फोटो काढून केसांवर झूम करा. १०८ मध्ये बहुधा दाणे दिसतील.

फोन घेताना आधी सेन्सरचा आकार पाहा. १/१.३ इंच हा १/२ इंचापेक्षा मोठा, इथे बरेच जण फसतात. मग ओआयएस, म्हणजे ऑप्टिकल इमेज स्टॅबिलायझेशन, आहे का ते बघा. कमी उजेडात शटर जास्त वेळ उघडं राहतं, तेव्हा हाताची थरथर तेच सावरतं. पळणारं मूल मात्र त्यानेही धूसरच येतं.