पोट्टं लागलं का कुठं?

आमच्या वर्ध्याकडे नोकरी शोधणाऱ्याला दोनच सल्ले मिळतात. "भेटते ते धरून घे बाप्पा" आणि "थांब ना बे, याच्याहून चांगली येईन." दोन्ही देणारा काका बहुधा एकच असतो. पहिला सल्ला सकाळचा, दुसरा जेवणानंतरचा.

गणितवाल्यांनी यावर तोडगा काढलेला आहे. दहा संधी एकामागून एक येणार असतील, तर पहिल्या तीन नुसत्या पाहून सोडायच्या. मग त्या तिन्हींपेक्षा सरस अशी जी पहिली येईल ती घ्यायची. अशाने सगळ्यात उत्तम नोकरी सुमारे 40 टक्के वेळा हाती लागते. मात्र ती उत्तम नोकरी पहिल्या तिनातच असली, म्हणजे 30 टक्के वेळा, तर पुढची एकही सरस ठरत नाही आणि दहावी मुकाट्याने गळ्यात पडते. शिवाय या गणिताला फक्त पहिला नंबर कळतो, दुसरा आणि दहावा त्याला सारखेच. माझं म्हणणं एवढंच, की बुटीबोरी एमआयडीसीत दुसऱ्या नंबरची नोकरीही महिन्याला पगार देते.

गणितात सोडलेली संधी परत येत नाही. म्हणून संधी एकामागून एक येऊच द्यायच्या नाहीत. अर्ज पंधरा-वीस करा, पण मुलाखती चार-पाच आणि त्याही एकाच पंधरवड्यात. त्याहून जास्त घेतल्या की बसभाडं वाढतं, आणि रंगाच्या कारखान्यात बसून सिमेंटचं कौतुक सुरू होतं.

समजा सोमवारी एक ऑफर आली, उत्तर गुरुवारपर्यंत हवं. आवडत्या कंपनीची दुसरी फेरी पुढच्या मंगळवारी. सोमवारीच त्या कंपनीला फोन करा: "ऑफर हातात आहे, फेरी या आठवड्यात घेता येईल का?" पहिल्या कंपनीकडे मुदतवाढ मागायची ती उशिरात उशिरा बुधवारी, ईमेलवर. गुरुवारी संध्याकाळी मागितलेली मुदत नकारासारखी वाचली जाते.

आणि कमीत कमी किती पगार हवा तो आकडा आधीच ठरवा. महिन्याची सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, 25,000 ऐकून पेढे वाटू नका. मूळ वेतन 15,000 धरलं तर कंपनीचा पीएफ 1,800 आणि ग्रॅच्युइटीचे 721 त्यातच मोजलेले असतात. मग तुमचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 कापला जातो. हातात 20,479. खोली-मेसचे 6,500 गेले की उरतात 13,979. हिंगणघाटात घरी जेवून 15,000 रोख देणारा शेठ इथे पुढे निघतो. फक्त त्याच्याकडे पीएफ नाही, म्हणजे दोन्हीकडचे मिळून महिना 3,600 तुमच्या नावावर साठत नाहीत. हा फरक काका सांगत नाहीत.

ठरवलेल्या आकड्याच्या वरची ऑफर आली आणि मुदतीत दुसरीकडून काही कळलं नाही, तर होकार द्या. बाकीच्यांना नाही म्हणायला मात्र थांबा. "सोमवारपासून कामावर या" हे नुसतं फोनवरचं वाक्य आहे. रुजू व्हायची तारीख आणि पगार लिहिलेलं, सहीचं पत्र आलं, की मग उरलेल्यांना दोन ओळींचा नकार कळवा.