विहिरीच्या एका शब्दापायी

सकाळपासून एक अर्ज लिहून राहिलो. विहिरीवरची मोटर जळाली, एवढंच सांगायचं आहे. धाकटा भाऊ वावरात जाताना विचारून गेला, "दादा, एवढा येळ काहून लागून राह्यला?" त्याला काय सांगू? माझ्या अंगात उजव्या हाताचा अंगठा तेवढा हलतो. त्या अंगठ्यानं गोळ्याचा माउस फिरवायचा आणि पडद्यावरच्या कीबोर्डवर बाण न्यायचा. बटण दाबायची ताकद नाही, म्हणून बाण एका अक्षरावर १ सेकंद थांबला की ते उमटतं, अशी सेटिंग केली आहे. जाण्यायेण्यासकट एका अक्षराला तीनेक सेकंद लागतात.

हे कमी व्हावं म्हणूनच म्हणे शब्द सुचवायची सोय असते. दोन अक्षरं टाका, वरच्या पट्टीत शब्द येतात, हवा तो उचला. कॉम्प्युटरसोबत आलेल्या कीबोर्डात ही सोय आहे, पण इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिशपुरती. इटलीतल्या माणसाची विहीर सुचते, माझी नाही. मग गावातल्या एका पोरानं मराठी सुचवणारा दुसरा कीबोर्ड टाकून दिला. लय खूश झालो होतो बापा!

आता हिशोब ऐका. मला 'विहिरीवरच्या' लिहायचं आहे. सुटं सुटं लिहिलं तर व, वेलांटी, ह, वेलांटी, र, वेलांटी, व, र, च, हलंत, य, काना, म्हणजे १२ वेळा थांबायचं. आता पट्टीची मदत घेऊन पाहू. 'वि' लिहायला २. पट्टीत 'विहीर' आलं, ते उचललं, ३. पण उचलताच त्यानं शब्दापुढं आपल्या मनानं जागा सोडली. ती खोडायची, ४. आता 'विहीर'चा र खोडा आणि दीर्घ वेलांटीही खोडा, कारण मराठीत 'विहीर' वर 'वर' चिकटत नाही, आधी 'विहिरी' व्हावं लागतं. झाले ६. उरलेली ९ अक्षरं हातानंच. एकूण १५! मदत घेतली तर १५, नाही घेतली तर १२. याला मदत म्हणायचं का?

जागा आपोआप सोडणं बंद करायची खूण सेटिंगमध्ये सापडली. ती काढली, तर १४ झाले. आणि आता प्रत्येक साध्या शब्दानंतर जागा मलाच द्यावी लागते.

ज्यानं हे बनवलं त्याच्या डोक्यात इंग्रजीचा साचा आहे. तिथं 'on the well' असे तीन शब्द सुटे बसतात, मूळ शब्द बदलत नाही. आपल्याकडं विहिरीवर, विहिरीत, विहिरीतून, विहिरीला ही सगळी विहिरीचीच रूपं, पण त्या पट्टीला प्रत्येक रूप नवंच वाटतं. वापरत गेलं की शिकतो, असं पोरगं म्हणालं. शिकतो, हाव. 'विहिरीवर' शिकला म्हणून 'विहिरीतून' येत नाही. शेतकऱ्यांना, शेतकऱ्यांकडून, शेतकऱ्यांच्या, किती वेळा शिकवू? आणि 'वा' टाकलं की 'वापर' सुचवतो. अरे, वावर म्हण ना! इकडं शेताला वावर म्हणतात. दर वेळी शेवटच्या र पर्यंत लिहावं लागतं.

वरून ती पट्टी कीबोर्डाच्या डोक्यावर. खालच्या ओळीतून वर जाताना बाण मधल्या अक्षरांवरून जातो. थंडीत अंगठा जड झाला की बाण वाटेत रेंगाळतो, मधलंच एखादं अक्षर उमटतं आणि पट्टीतले सगळे शब्द बदलतात. हवा तो शब्द गेला, आता नको ते अक्षर खोडा आणि पुन्हा निघा. थांबायची वेळ दीड सेकंद करून पाहिली. उगाच उमटणं कमी झालं, पण आता प्रत्येक अक्षर आणखी रखडतं.

पट्टीनं पूर्ण शब्द देऊच नये, तुकडे द्यावेत. 'विहिरी' उचललं की पुढं वर, त, तून, ला, च्या दाखवावं, 'वर' उचललं की 'च्या', आणि मी सांगेन तेव्हाच जागा सोडावी. 'वि' चे २ आणि तीन तुकड्यांचे ३, म्हणजे ५ थांब्यांत माझी विहीर लिहून होईल. हे सांगायला कोणता मोठा पंडित लागतो? मराठी बोलणाऱ्या कोणत्याही पोराला विचारा.

आई चहा घेऊन आली, पडद्याकडं पाहून म्हणाली, "झालं का रे बापा?"

'विहिरीव' पर्यंत झालं आहे, आई. आणि आत्ताच लाइन गेली.