नावं बदलू नका, हे मी उगाच लिहिलं नव्हतं

लग्नाच्या अल्बमसाठी फोटो निवडताना फायलींची नावं बदलू नका, असं मी मागे लिहिलं होतं. त्यावर एक प्रतिक्रिया आली:

"ताई, लग्नाचे फोटो आहेत, कोर्टातले पुरावे नाहीत. फायलींची नावं बदलली तर काय आभाळ कोसळणार आहे? आम्ही सिडकोत घरी बसून एका दुपारीत दीडशे निवडले. बॅकअपला गुगल फोटोज आहेच. रिकामा वेळ असणाऱ्यांचे उद्योग!"

'रिकामा वेळ' हे मला लागलं, ते आधी सांगते. नोकरी, स्वयंपाक, मुलाचा अभ्यास उरकून मी रात्री अकराला लिहायला बसते. मत वेगळं असू द्या, पण ओळखदेख नसताना कुणाचा वेळ मोजायला जाऊ नये. निवडीला तीन आठवडे द्या असं मी लिहिलं होतं, ते जरा जास्तच झालं. तेवढं मान्य.

आता नावं. अल्बम करणारा बहुतेक वेळा तुमच्या जेपीजीवरून नाही, तर त्याच नंबरची कॅमेऱ्यातली मूळ रॉ फाइल स्वतःच्या डिस्कवरून काढून काम करतो. तुम्ही DSC_4127.JPG चं 'मामा हळद 3' केलंत की त्याला तो फोटो हजारोंमधून डोळ्यांनी शोधावा लागतो. हळदीत मामांचे सारख्याच पोझचे सहा फोटो असतात. चुकीचा लागला तर दोष कुणाला देणार?

दुसरी गोष्ट मी स्वतः भोगली आहे. माझं लग्न गंगापूर रोडला झालं. दोन कॅमेरे, पेन ड्राइव्हमध्ये दोन फोल्डर: एकात 980, दुसऱ्यात 760. मी पाच महिन्यांनी दोन्ही फोल्डरमधलं सगळं कट करून लॅपटॉपवर एकाच फोल्डरात टाकलं. दोन्ही कॅमेऱ्यांत काही नंबर सारखेच होते. विंडोजनं विचारलं, मी घाईत 'Replace' दाबलं. 1740 हवे होते, उरले 1528. मोजले ते दोन दिवसांनी. तोवर पेन ड्राइव्ह रिकामा, आणि फोटोग्राफरनंही त्याची डिस्क पुसलेली. गेलेल्या 212 फोटोंत कानपिळीचे सगळे होते. माझ्या भावानं नवऱ्याचा कान धरलेला एकही फोटो आमच्याकडे नाही.

म्हणून सांगते, कॅमेऱ्यागणिक फोल्डर वेगळे ठेवा. फोटो कट नाही, कॉपी करा, आणि तेही त्याच दोन नावांच्या फोल्डरांत. फोटोग्राफरला नंबरांची यादी पाठवताना शेजारी कॅमेरा लिहा. कॉपी झाली की दोन्हीकडचा आकडा जुळवा, मगच पेन ड्राइव्हला हात लावा. याला दहा मिनिटं पुरतात.

गुगल फोटोजचं म्हणाल तर 'स्टोरेज सेव्हर' चालू असेल तर 16 मेगापिक्सेलहून मोठा फोटो लहान होऊन चढतो. सेटिंग बघून घ्या. बाकी तुमची ती दुपार तुम्हाला लखलाभ.